कोळमाळचा तलाव, फ्रेंचमधून

छाया पगारे इंदिरानगरात फ्रेंच शिकवायची. नाशकात फ्रेंच कोण शिकतं, असं कुणी विचारलं की ती हसून म्हणायची, "बारावीत ज्यांना मार्क हवे असतात ते सगळे." शिकवणीला येणाऱ्या पोरांना फ्रान्स नकाशावर कुठे आहे हे माहीत नसलं तरी चालायचं, पेपरात शंभरपैकी नव्वद पडले की काम झालं. स्वतः छाया मात्र या भाषेवर जीव टाकून बसली होती. वडील कारखान्यात टाइमकीपर. त्यांनी कर्ज काढून तिला पुण्याला ठेवलं, डिप्लोमा करू दिला, आणि वस्तीतल्या लोकांना सांगितलं, "आमची पोरगी फ्रेंच बोलती, अगदी फडाफडा." ते ऐकून ती लाजेने अर्धी व्हायची. एक तर फडाफडा येत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे तिला मोठं करून सांगितलेलं काहीच सोसायचं नाही.

हा तिचा स्वभावच. लग्नाच्या पत्रिकेत 'सुप्रसिद्ध उद्योजक' वाचलं की तिच्या भुवया वर जायच्या. दुकानाच्या पाटीवर 'जगप्रसिद्ध चिवडा' दिसला की ती थांबून विचारायची, "कोणत्या जगात हो?" तिची आई भिमाबाई म्हणायची, "छाये, तुला कुणी सून करून घ्यायचं नाय. बस्त्याला गेलीस तर दुकानदाराशी भांडशील." बाई बरोबर बोलत होत्या. तशी बोलणी दोनदा मोडलीही होती.

सातपूरच्या एका कारखान्यात फ्रेंच कंपनीची भागीदारी झाली आणि चार-पाच फ्रेंच इंजिनियर बायकापोरांसह नाशकात राहायला आले. तेव्हापासून छायाला बरे दिवस आले. यंत्रांच्या पुस्तिका, कंत्राटं, पोरांच्या लसींचे कागद, मोलकरणीशी झालेली भांडणं, सगळ्यात मध्ये छाया. त्यातल्या एलेन नावाच्या बाईशी तिचं विशेष जमलं. एलेनचा नवरा फिलिप कारखान्यात, मुलगी क्लेअर सहा वर्षांची. क्लेअरला छायाच्या आईच्या हातची बाजरीची भाकरी आवडायची, पण ठेच्याकडे ती हात जोडून बघायची.

दोन हजार चार साली, एप्रिलमध्ये, ज्ञानेश बोरस्ते छायाकडे आला. दिंडोरीचा द्राक्षबागायतदार, हसरा, भरदार, हातात गाडीची किल्ली फिरवत बोलणारा. सुरगाण्याच्या बाजूला कोळमाळ नावाचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याला त्याने रिसॉर्ट बांधलं होतं. दहा खोल्या, लॉन, झोके आणि समोरच गावाचा पाझर तलाव.

"मॅडम, हे तुमचे फॉरेनवाले लोक सुट्टीच्या दिवशी जातात कुठं? नुसते घरात बसून राहतात. आपल्याकडं आणायचे. त्यांच्या भाषेत माहितीपत्रक पाहिजे. लय भारी झालं पाहिजे."

त्याने मराठी माहितीपत्रक पुढे ठेवलं. छायाने वाचायला घेतलं आणि तिला पहिला धक्का बसला. पहिलीच ओळ होती, 'महाराष्ट्राचं स्वित्झर्लंड, पृथ्वीवरचा दुसरा स्वर्ग!' त्याखाली 'बारमाही गोठवणारी थंडी'. त्याखाली 'डोंगरमाथ्यावरून थेट अरबी समुद्राचं विलोभनीय दर्शन'. मग 'अभेद्य सुरक्षा कवचातले कडे', 'तज्ज्ञ डॉक्टर चोवीस तास आपल्या सेवेत हात जोडून उभे', आणि सर्वांत शेवटी, 'अमृततुल्य तलावात मनसोक्त डुंबा, आपली मुलं मासोळ्या होऊन जातील!'

"समुद्र दिसतो?" तिने विचारलं.

"आभाळ स्वच्छ असलं तर... तसं वाटतं, मॅडम."

"गोठवणारी थंडी? बारमाही?"

"डिसेंबरात लय गार असतं. तुम्ही या एकदा."

"आणि डॉक्टर हात जोडून उभे आहेत?"

ज्ञानेश मनापासून हसला. "मॅडम, जाहिरात हाय ती. निम्मं सोडूनच वाचतात लोक. आपण रुपयाचं लिहिलं तर ते आठ आण्याचं वाचतात. आठ आण्याचं लिहिलं तर चार आण्याचं वाचतील. मग धंदा कसा व्हायचा?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. छायाही तसंच वाचायची, आपण सगळेच वाचतो. पण फ्रेंच लोक तसं वाचत नाहीत हे तिला ठाऊक होतं. मागच्याच वर्षी एका वाइनरीत तिने दुभाषाचं काम केलं होतं. तिथल्या बाटलीवर 'जगविख्यात' लिहिलेलं पाहून एका फ्रेंच पाहुण्याने अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं होतं, कोणकोणत्या देशांत? मालकाला उत्तर देता येईना आणि छायाला तोंड लपवायला जागा सापडेना.

"हे असंच फ्रेंचमध्ये केलं तर लोक हसतील आणि कागद फेकून देतील," ती म्हणाली. "मुलंबाळं घेऊन येणाऱ्या माणसाला स्वर्ग नको असतो. पाणी कसं आहे, डॉक्टर किती लांब, स्वेटर घ्यायचा की नाही, हे हवं असतं. मी सगळं खाली आणणार. जमेल तुम्हाला?"

"तुम्ही म्हणाल तसं. फक्त माणसं आली पाहिजेत."

मग छायाने जे काम केलं ते, अनुवाद म्हणून पाहिलं तर, फार सुरेख होतं. स्वित्झर्लंड गेलं, स्वर्ग गेला, समुद्र तर पहिल्या फटक्यात गेला. उद्गारचिन्हं तिने एकूण एक पुसली. गोठवणाऱ्या थंडीचं झालं, 'नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी हवा गार होते, मुलांसाठी स्वेटर सोबत ठेवावा.' अभेद्य कवचाचं झालं, 'धोक्याच्या ठिकाणी कठडे आहेत.' अडेल तिथे ती ज्ञानेशला फोन करायची.

"डॉक्टर किती लांब आहेत?"

"खालच्या गावात दवाखाना हाय. गाडीनं वीस मिनटं."

तिने लिहिलं, 'डॉक्टर वीस मिनिटांच्या अंतरावर.'

"तलावात पाणी किती आहे? मुलं उतरू शकतात?"

"हे काय, आत्ता समोरच उभा हाय मी. कमरेएवढं. आमची पोरं उन्हाळाभर पडलेली असतात त्याच्यात."

तिने लिहिलं, 'डोंगराच्या पायथ्याशी छोटा, शांत तलाव. पाणी खोल नाही. मुलं पालकांच्या देखरेखीखाली आंघोळ करू शकतात.' 'पालकांच्या देखरेखीखाली' हे शब्द ज्ञानेशच्या कागदात कुठेच नव्हते, ते तिने स्वतःहून घातले. त्या ओळीचा तिला जरा अभिमानच वाटला. जबाबदार माणसाचं लिहिणं असं असतं, तिला वाटलं. कोळमाळला एकदा जाऊन यावं हेही मनात येत होतं, पण परीक्षा तोंडावर आल्या, शिकवण्या वाढल्या, आणि सुरगाण्याकडची वाट काही जवळची नव्हे. राहून गेलं.

पावसाळ्याआधी माहितीपत्रक छापून झालं. एलेनने वाचलं आणि छायाला फोन केला. "तुम्ही लिहिलंय ना हे? ओळखलं मी. भारतात आल्यापासून पहिल्यांदा एखादा शहाणा कागद वाचला." मालकाने फार वाढवून लिहिलं होतं, मी ते कमी केलं, असं छायाने तिला सांगितलं. तो फोन तिने आईला दोनदा सांगितला. भिमाबाई म्हणाल्या, "बघ, कुणीतरी भेटलं तुझ्यासारखं."

दिवाळीच्या सुट्टीत एलेन आणि फिलिप क्लेअरला घेऊन कोळमाळला निघाले. तुम्हीही चला, म्हणाले. छाया निघाली. आपण केलेल्या कामाची जागा पाहायची म्हणून ती खुशीत होती.

डोंगर खरोखर देखणा होता. हिरवा, ओलसर, गवताच्या वासाचा. ज्ञानेशने दारात हार घातले, बायकोला ओवाळायला लावलं, भज्यांचा घाणा सुरू करायला सांगितला. चहा होतो न होतो तोच एलेन पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत टॉवेल, क्लेअरचा लाल पोहण्याचा पोशाख आणि उन्हापासून वाचायचं मलम. ती वाचूनच आली होती ना. आपल्याकडचे पाहुणे तलावाला दुरूनच हात दाखवतात, फोटो काढतात आणि भज्यांसाठी परत फिरतात. ज्ञानेशच्या रिसॉर्टला इतके महिने झाले, पण त्या पाण्यात आजवर एकही पाहुणा उतरला नव्हता. कुणी उतरेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो आत स्वयंपाकघरात मिरच्या मोजून देत होता.

पावसाने तलाव काठोकाठ भरला होता. छायाला आठवलं, कमरेएवढं म्हणाला होता. पण मग ते एप्रिलमधलं, आता जास्त असेल, असा विचार तिच्या मनाला चाटून गेला, आणि समोर पाहिलं तर क्लेअर गुडघाभर पाण्यात उभी राहून हसत होती. काठ उतरता होता, पाणी हिरवट पण शांत होतं, आईबाप दोघेही तिच्यापासून हाताच्या अंतरावर. देखरेखीखाली.

क्लेअरने एक पाऊल पुढे टाकलं. मांडीपर्यंत पाणी. आणखी एक पाऊल. मग ती नव्हती.

ओरडली नाही, हात वर केला नाही. पाण्यावर एक गोल उठला आणि पसरला. फिलिप उडी मारून आत गेला, वर आला, पुन्हा गेला, पुन्हा रिकाम्या हातांनी वर आला. तो पुढे, खोल पाण्याकडे शोधत होता. एलेनच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच भाषेतला नव्हता. छाया काठावरच राहिली. तिला पोहता येत नव्हतं.

आवाज ऐकून ज्ञानेश धावत आला. त्याच्या हाताला बेसन लागलं होतं. त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "तिकडं नाय! अलीकडं! अलीकडं खड्डा हाय!"

आणि कपड्यांसकट त्याने उडी घेतली. शोधत बसला नाही. उजवीकडे, काठापासून जरा आत, नेमक्या एका जागी तो सरळ खाली गेला आणि पहिल्याच बुडीत लाल पोशाखातलं पोर घेऊन वर आला.

क्लेअर निळी पडली होती. एलेनने तिला गवतावर आडवं केलं, मान मागे केली, तोंडाला तोंड लावून श्वास भरायला सुरुवात केली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी पोरीने पाणी ओकलं, खोकली आणि बारीक आवाजात रडायला लागली. ते रडणं ऐकून ज्ञानेश स्वतःच रडू लागला.

छायाच्या कानात मात्र एकच वाक्य घुमत होतं. खड्डा हाय.

"डॉक्टर," फिलिप म्हणाला. "वीस मिनिटं." कागद त्यालाही पाठ होता.

ते गाडीत बसून खालच्या गावात पोचले. अंतर खरंच वीस मिनिटांचं होतं, त्यात काही खोट नव्हती. दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर दिवाळीसाठी नाशकाला घरी गेले होते. शेजारच्या टपरीवाल्याने सांगितलं, "डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येत्यात. तेबी आले तर." फिलिप छायाकडे बघू लागला. टपरीवाला काय म्हणाला ते त्याला फ्रेंचमध्ये सांगायचं होतं, आणि ते सांगायला गाडीत दुसरं कुणी नव्हतं. ती प्रत्येक शब्द सांगत गेली. नाशिक येईपर्यंत क्लेअरचा श्वास घरघरत होता.

नाशकात दवाखान्यात पोरीला ऑक्सिजन लावला. छातीत पाणी गेलंय, दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल, पण वाचली, असं डॉक्टरांनी सांगितलं. छायाने हेही भाषांतर केलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकली. मागोमाग दुसऱ्या गाडीतून ज्ञानेश आला होता. कपडे अंगावरच वाळलेले, केसांत शेवाळ.

"तुम्हाला माहीत होतं तिथे खड्डा आहे," छाया म्हणाली.

"माहीत काय मॅडम, मीच काढला." त्याने मान खाली घातली. "मे महिन्यात पाणी आटलं की सगळेच गाळ नेतात. बागेला सोनं असतं ते. मी जेसीबी लावला, दिंडोरीला ट्रॉल्या नेल्या. त्या कोपऱ्यात गाळ चांगला होता, म्हणून तिथंच खोल गेलो. एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढं."

"मला तुम्ही कमरेएवढं सांगितलंत."

"तुमचा फोन आला तेव्हा कमरेएवढंच होतं. देवाशपथ. गाळ नंतर काढला."

"मग मला नंतर सांगायचं नाही?"

ज्ञानेशने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि त्यामुळेच छायाला जास्त भीती वाटली. "सुचलंच नाय, मॅडम. खरं सांगतो. ते माहितीपत्रक आन हा तलाव, या दोन गोष्टी एक हायेत असं कधी डोक्यातच आलं नाय. मी अमृत लिहिलं होतं, मासोळ्या लिहिलं होतं. ते वाचून कोण पोरगं पाण्यात सोडतं? आजवर कुणी सोडलं नाय. तुम्ही असं काय लिहिलं की ते टॉवेल घेऊनच आले?"

छायाने काय लिहिलं होतं? पाणी खोल नाही. शांत. पालकांच्या देखरेखीखाली. ज्ञानेशची थाप एवढी मोठी होती की ती लांबूनच दिसायची आणि माणूस वळसा घालून जायचा. तिने ती थाप घासूनपुसून, मापात कापून, शहाण्या माणसाच्या तोंडी शोभेल अशी केली होती. स्वर्गावर कुणी पाय ठेवत नाही. 'पाणी खोल नाही' यावर सहा वर्षांची पोर पाय ठेवते. आपण नुसता अतिरेक काढला असं ती समजत होती. खरं म्हणजे लोकांना सावध करणारी एकच गोष्ट त्या कागदात होती, आणि नेमकी तीच तिने काढून टाकली होती. तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

संध्याकाळी एलेन बाहेर येऊन तिच्या शेजारच्या बाकावर बसली. छायाने क्षमा मागायला तोंड उघडलं, पण एलेनने हात वर करून थांबवलं. तिने पर्समधून घडी घातलेलं माहितीपत्रक काढलं आणि मांडीवर पसरलं.

"फिलिपची बहीण नाताळात येतेय," ती म्हणाली. आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. "तिला दोन मुलं आहेत, क्लेअरहून लहान. हे मी तिला पाठवलं होतं. तिने खोल्या राखून ठेवल्या आहेत. मी तिला सांगितलं, छायाने लिहिलंय, विश्वास ठेव. आता तुम्ही मला सांगा. तलावाची ओळ सोडून द्या, डॉक्टरची सोडून द्या. बाकीच्यातलं काय खरं आहे?"

छायाने वाचायला सुरुवात केली. 'धोक्याच्या ठिकाणी कठडे आहेत.' कठडे तिने पाहिले नव्हते. 'पिण्याचं पाणी गाळून व उकळून दिलं जातं.' ज्ञानेशने 'गंगाजल' लिहिलं होतं, फोनवर "उकळतो, उकळतो" म्हणाला होता. 'पायवाट लहान मुलांना चालण्याजोगी.' 'झोके मजबूत.' 'रात्री वीज गेल्यास जनित्र.' एकेक ओळ कशी नीटनेटकी, नम्र, न ओरडणारी. एकेक ओळ वाचताना तिला फोनमधला ज्ञानेशचा हसरा आवाज ऐकू येत होता, आणि त्यापलीकडे काहीच नाही. एकाही ओळीवर तिला बोट ठेवता येईना. ती दुसऱ्यांदा वरून खाली वाचत आली, जणू या वेळी एखादी सापडेल.

"माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "मी यातलं काहीच पाहिलेलं नाही."

एलेनने मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. तिला हे कळायलाच वेळ लागत होता.

"पण तुम्ही सांगितलं होतं की मालकाने फार वाढवून लिहिलं होतं, तुम्ही ते कमी केलंत. मग तुम्ही नक्की काय कमी केलंत?"

छायाला उत्तर माहीत होतं. मघापासून माहीत होतं. ते फ्रेंचमध्ये म्हणायला तिला नवशिक्या पोरीसारखे शब्द जुळवावे लागले.

"आवाज," ती म्हणाली. "नुसता आवाज कमी केला, मादाम. तुमच्या नणंदेला फोन करा. येऊ नका म्हणावं. माझं नाव सांगा आणि येऊ नका म्हणावं."

एलेन उठली आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे गेली. छाया आत जाऊन क्लेअरच्या खाटेशी उभी राहिली. पोर जागी होती. तिने छायाला ओळखलं, आणि नेहमीच्या विश्वासाने आपला हात तिच्याकडे पुढे केला. छायाला तो हातात घेण्याचा धीर होईना.